मनगटावरचा आकडा कसा चुकतो



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी नांदेड आणि लातूरच्या कितीतरी पिढ्यांना भौतिकशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेत त्यांचा एक आग्रह असे. उपकरणावरचा आकडा वहीत उतरवण्याआधी ते उपकरण नेमकं काय मोजतं, हे विद्यार्थ्याला सांगता आलं पाहिजे. आज मी तोच प्रश्न आपल्या मनगटावरच्या एका वस्तूला विचारणार आहे. मी फिजिशियन आहे. गेल्या काही वर्षांत बाह्यरुग्ण विभागात एक नवी तक्रार येऊ लागली आहे. माणूस खुर्चीत बसतो, मनगट पुढे करतो आणि म्हणतो, "डॉक्टर, काल रात्री यात 184 दाखवलं." दुसरा म्हणतो, "माझे ठोके 40 वर आलेत, हृदय बंद पडतंय का?" दोघंही घाबरलेले असतात. रात्रभर झोपलेले नसतात. त्यांची भीती खरी असते, म्हणून "घड्याळ काढून फेका" एवढं सांगून त्यांना परत पाठवणं मला पटत नाही.

माझं म्हणणं असं आहे. स्मार्टवॉचचे हृदयगतीचे आकडे चुकतात, कधी कधी भयंकर चुकतात, पण ते कसेही चुकत नाहीत. प्रत्येक कारणाची चूक वेगळ्या चेहऱ्याची असते. आकडा चुकलाय एवढंच न पाहता तो कोणत्या तऱ्हेने चुकलाय हे पाहिलं, तर दोष पट्ट्यात आहे, त्वचेवर आहे, सेन्सरमध्ये आहे की हृदयात, हे घरच्या घरी बरंच कळतं.

सुरुवात सरांच्या प्रश्नापासून करू. घड्याळ काय मोजतं? ते हृदय मोजत नाही. घड्याळ उलटं करून पाहा. काचेखाली हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात आणि त्यांच्याशेजारी एक काळसर चौकोन असतो. दिव्याचा प्रकाश त्वचेत शिरतो, जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोल जातो आणि त्यातला थोडा परत येतो. परत आलेला प्रकाश तो काळा चौकोन मोजतो. हृदयाचा ठोका पडला की त्वचेतल्या बारीक वाहिन्यांमध्ये क्षणभर रक्त जरासं वाढतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जोरात शोषून घेतं, त्यामुळे त्या क्षणी परत येणारा प्रकाश जरासा कमी होतो. ठोका ओसरला की तो पुन्हा वाढतो. प्रकाशाच्या या चढउतारावरून यंत्र ठोके मोजतं. ही युक्ती आजची नाही. अमेरिकेत सेंट लुइस इथे आल्रिक हर्ट्झमन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1937 साली हाता-पायांच्या बोटांवर प्रकाश टाकून रक्ताची ही हालचाल नोंदवली होती. आपल्या मनगटावर आहे ते त्याच तत्त्वाचं छोटं रूप.

आता अडचण कुठे आहे ते पाहा. परत येणाऱ्या प्रकाशाचा फार मोठा भाग त्वचा, चरबी आणि न हलणारं रक्त यांच्याकडून येतो, आणि तो ठोक्यागणिक बदलत नाही. ठोक्यामुळे बदलतो तो भाग बहुतेक वेळा शंभरात एक-दोन, कधी त्याहूनही कमी. लग्नाच्या बँडशेजारी उभ्या माणसाची कुजबुज ऐकायची असावी, तसं हे काम आहे. घड्याळ त्वचेवरून अर्धा मिलिमीटर जरी उचललं गेलं, तरी परत येणाऱ्या प्रकाशात होणारा बदल ठोक्यामुळे होणाऱ्या बदलापेक्षा कितीतरी मोठा असतो. मग यंत्र गणिताने अंदाज बांधतं. काही सेकंदांचा प्रकाशाचा आलेख घेऊन त्यात सर्वांत ठळक लय कोणती ते शोधतं आणि त्या लयीला आपले ठोके समजतं. सर्वांत ठळक लय हृदयाची असेल तर आकडा बरोबर. दुसऱ्या कशाची असेल तर आकडा त्या दुसऱ्या गोष्टीचा. तो दाखवताना मात्र घड्याळ तितक्याच खात्रीने दाखवतं.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये सापडतं. नांदेड असो की लातूर, पहाटे कुठल्याही मैदानावर जा, 1600 मीटरची तयारी करणारी मुलं आणि 800 मीटरची तयारी करणाऱ्या मुली पळत असतात. अशाच एका तरुणाला त्याच्या वडिलांनी माझ्याकडे आणलं. सावकाश पळतानाही घड्याळ 165 च्या पुढे जातं, म्हणजे हृदयात काही दोष असणार, असं त्यांना वाटत होतं. मी त्याला विचारलं, "तेव्हा तू बोलू शकतोस का?" तो म्हणाला, "हो सर, आम्ही गप्पा मारतच पहिली फेरी पळतो." विशीतल्या मुलाचे ठोके खरोखर 165 असतील तर तो तुटक बोलेल, सलग गप्पा मारू शकणार नाही. संशय तिथेच आला.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर भेटलो. तो सावकाश पळत होता, घड्याळ 164 ते 166 दाखवत होतं आणि तिथून हलत नव्हतं. मी त्याच्या एकाच पायाची, उजव्या पायाची पावलं अर्ध्या मिनिटात मोजली. 41 भरली. दोन्ही पायांची मिळून मिनिटाला 164. तो थांबल्याबरोबर मी मनगटावर बोटं ठेवून 15 सेकंद नाडी मोजली. 33 ठोके, म्हणजे मिनिटाला 132. घड्याळाचा आकडा मात्र अजून 160 च्या आसपास होता. अर्ध्या मिनिटानंतर तो धपकन 130 च्या खाली आला.

घड्याळ पावलं मोजत होतं. पळताना प्रत्येक पावलाला हात हिसकतो, सैल पट्ट्यातलं घड्याळ त्वचेवर आपटतं आणि प्रकाशात एक ठळक लय तयार होते. ती नाडीच्या लयीपेक्षा जोरदार असते, म्हणून यंत्र तिला पकडतं. घड्याळात हालचाल मोजणारा वेगळा सेन्सरही असतो आणि त्याच्या मदतीने हातांची लय वजा करण्याचा प्रयत्न यंत्र करतं. पण पावलं आणि ठोके जवळ जवळ आले की त्याची फसगत होते. या चुकीची खूण पक्की असते. आकडा उड्या मारत नाही, एका जागी चिकटून बसतो. वेग वाढवला तरी फारसा बदलत नाही, कारण वेग वाढला तरी पावलांची गती तेवढी वाढत नाही, पाऊल लांब पडतं. थांबलं की आकडा हळूहळू न उतरता एकदम कोसळतो. चालताना हीच चूक 110 ते 120 च्या आसपास दिसते.

लय देणारी गोष्ट पळणंच असायला हवी असं नाही. भाकरी थापताना हात ठरावीक तालात पडतो, मनगटातल्या शिरा आणि स्नायूबंध त्याच तालात वरखाली होतात. भजनात टाळ किंवा मृदंग वाजवणाऱ्याच्या मनगटाचंही तसंच. खराब रस्त्यावरची मोटारसायकल हँडलमधून सतत थरथर देते. अशा वेळी आलेला आकडा हृदयाचा म्हणून वहीत लिहू नये. पाच मिनिटं स्वस्थ बसून पुन्हा पाहावा.

त्या मुलाच्या घड्याळाचं आम्ही काय केलं? त्याचा पट्टा त्याने मनगटाच्या हाडावर, करंगळीच्या बाजूला जो उंचवटा असतो त्याच्यावरच बांधला होता. तो उंचवटा घड्याळाला एका बाजूने उचलतो. आम्ही घड्याळ कोपराच्या दिशेने दोन बोटं वर सरकवलं आणि पळण्यापुरतं एक भोक घट्ट केलं. घट्ट किती करावं, याची मी सांगतो ती परीक्षा सोपी आहे. घड्याळ बोटाने डावी-उजवीकडे हलवा. त्याच्याबरोबर खालची त्वचा सरकली तर पट्टा योग्य आहे. घड्याळ त्वचेवरून घसरलं तर सैल आहे. पट्ट्याखाली एक बोट जरा जोर लावून जावं. पळणं झालं की पट्टा पुन्हा सैल करावा, कारण जास्त घट्ट पट्टाही आकडा बिघडवतो. त्वचेतल्या वाहिन्या दाबल्या गेल्या की ठोक्याबरोबर तिथे रक्त वाढायला जागाच राहत नाही. हात जड वाटणं, बोटांना मुंग्या येणं, पट्टा काढल्यावर खोल वळ दिसणं, या त्याच्या खुणा.

पावलांच्या चुकीला एक उत्तर असंही आहे की ज्याला व्यायामात अचूक आकडा हवा, त्याने छातीवर बांधायचा पट्टा घ्यावा. तो प्रकाश वापरत नाही, हृदयाची विद्युतलहर पकडतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने 1982 साली बिनतारी, अंगावर बांधायचा असा पहिला पट्टा बाजारात आणला, आणि पळणाऱ्यांच्या हृदयगतीसाठी आजही तोच विश्वासाचा मानला जातो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला थोडं पाणी लावावं लागतं, नाहीतर पहिली काही मिनिटं तोही चुकीचं दाखवतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पट्ट्याचा प्रश्न आणखी वेगळा होतो. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, पट्ट्याखाली घामोळं येतं, माणूस पट्टा सैल करतो आणि आकडे बिघडायला लागतात. पावडर लावून वर घड्याळ बांधणारेही आहेत. पावडर सेन्सरवर बसते. त्यापेक्षा दिवसा काही तास घड्याळ काढून ठेवावं, हात धुऊन कोरडा करावा, दुसऱ्या मनगटावर बांधावं.

आणि अंगावर काय आहे तेही पाहावं लागतं. नांदेडला सचखंड साहिबच्या परिसरात हातातलं पोलादी कडं सर्वत्र दिसतं. कडं आणि घड्याळ एकाच हातावर असतील तर कडं घड्याळाला ढकलतं, हात हलला की आदळतं. दुसऱ्या हातावर घड्याळ बांधलं की प्रश्न मिटतो. बायकांच्या बांगड्या, पाटल्या, मनगटावरचा धागा किंवा गंडा यांचंही तसंच. बारीक मनगटाच्या मुलींना आणि बायकांना आणखी एक अडचण येते. बाजारात मोठ्या तबकडीचीच घड्याळं जास्त. मोठी तबकडी बारीक मनगटाच्या दोन्ही कडांवर टेकते आणि मध्ये पोकळी राहते. त्या पोकळीतून बाहेरचं ऊनही आत शिरतं. घड्याळ दिवे विझवून बाहेरचा प्रकाश वेगळा मोजतं आणि वजा करतं, पण हात हलत असताना तो प्रकाश क्षणाक्षणाला बदलतो. अशा हातावर घड्याळाच्या कडेने हिरवा प्रकाश बाहेर सांडताना दिसतो. तसं दिसलं तर लहान तबकडीचं घड्याळ घेणं हाच खरा उपाय.

घड्याळाच्या पाठीकडे लोक बघतच नाहीत. माझ्याकडे आलेल्या घड्याळांपैकी काहींच्या पाठीवर दुकानातली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी अजून तशीच होती. तिच्याखाली घाम आणि धूळ साचून धुरकट थर झाला होता. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची पोती हाताळणाऱ्या माणसाच्या घड्याळावर धुळीचा थर असतो, जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या घड्याळावर कापसाचे तंतू. स्वयंपाकघरात पीठ आणि तेल. घामाचं मीठ वाळून काचेच्या कडेला पांढरट रेघ होते. अंगाला तेल लावून लगेच घड्याळ बांधलं तर काच घसरतेही आणि मळतेही. मळक्या काचेच्या चुकीचा चेहरा पावलांच्या चुकीपेक्षा निराळा असतो. आकडा एका जागी राहत नाही. स्वस्थ बसलेलं असतानाही 70 वरून 120, मग दोन आडव्या रेघा, मग 58. घड्याळाला पुरेशी लय सापडत नाही म्हणून ते चाचपडत असतं.

साफ करणं सोपं आहे, पण नीट करावं. घड्याळ बंद करून चार्जरवरून काढा. पट्टा सोडवता येत असेल तर सोडवा. मऊ, तंतू न सुटणारं कापड साध्या पाण्याने किंचित ओलं करून पाठ पुसा, चार्जिंगच्या टोकांजवळचा मळही काढा, मग कोरड्या कापडाने पुसून वाळू द्या. मळ चिकटला असेल तर सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला बोळा हलक्या हाताने फिरवता येतो, पण चामड्याच्या पट्ट्याला तो लावू नये. पिन, ब्लेड किंवा टाचणीने खरवडू नये. काचेवर ओरखडे पडले की ते प्रकाश विखुरतात आणि मग ती चूक कायमची होते. साबण लावून गरम पाण्याच्या नळाखाली घड्याळ धरणंही टाळावं. साबण आणि वाफ घड्याळाच्या रबरी सीलना हळूहळू सैल करतात, आणि पाणी आत गेलं की पुढचा सगळा प्रश्न वेगळा होतो.

आता त्वचेकडे वळतो. गडद रंगाच्या त्वचेतलं मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषतं हे खरं आहे. म्हणजे त्वचा गडद असेल तर परत येणारा प्रकाश कमी. घड्याळं दिव्याची तीव्रता वाढवून हे भरून काढतात. ते किती जमतं? 2017 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात 60 स्वयंसेवकांवर सात घड्याळं तपासली गेली. सातपैकी सहा घड्याळांची हृदयगतीतली सरासरी चूक पाच टक्क्यांच्या आत होती, पण गडद त्वचेवर चूक अधिक आढळली. 2020 साली ड्यूक विद्यापीठात 53 लोकांवर, सर्व प्रकारच्या त्वचेवर, पुन्हा अभ्यास झाला. तिथे त्वचेच्या रंगामुळे ठळक फरक आढळला नाही, घड्याळाच्या कंपनीमुळे आणि हालचालीमुळे मात्र आढळला. हालचालीत चूक विश्रांतीपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्त होती. दोन्ही निष्कर्ष समोर ठेवून मी रुग्णांना एवढंच सांगतो की तुमची त्वचा सावळी आहे म्हणून आकडा चाळीसने चुकला, असं समजू नका. सावळ्या त्वचेने चूक वाढली तर थोडी वाढते. भरमसाट चुकीचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं.

त्वचेचे तीन विषय मला आपल्या भागात रंगापेक्षा महत्त्वाचे वाटतात. पहिला गोंदणाचा. मराठवाड्यात म्हाताऱ्या बायकांच्या मनगटावर आणि हातावर हिरवट-काळं गोंदण असतं. शाई त्वचेच्या आतल्या थरात बसलेली असते आणि ती प्रकाश गिळते. 2015 साली अ‍ॅपलचं घड्याळ आलं तेव्हा टॅटूवर ते चालत नाही अशा तक्रारी आल्या, आणि कंपनीनेही त्वचेवर कायम किंवा तात्पुरता रंग असेल तर आकडा चुकू शकतो हे मान्य केलं. मुलाने मुंबईहून पाठवलेलं घड्याळ आजीच्या गोंदलेल्या हातावर काहीच दाखवत नसेल तर घड्याळ परत पाठवू नका. दुसऱ्या हातावर, नाहीतर गोंदण नसलेल्या जागी, जरा वर बांधून पाहा. लग्नातली गडद मेंदी मनगटाच्या पाठीवर असली तर तीही काही दिवस आकडा बिघडवू शकते. दुसरा विषय दाट केसांचा. केस काचेला त्वचेपासून वर धरतात आणि हात हलला की त्यांच्याबरोबर घड्याळही सरकतं. तिसरा थंडीचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्याकडे पारा कधी कधी दहाच्या आसपास उतरतो. थंडीत शरीर त्वचेतल्या वाहिन्या आवळून घेतं, म्हणजे जिथे घड्याळ बघतं नेमकं तिथलंच रक्त कमी होतं. मैदानावर गेल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं घड्याळ रेघा दाखवतं किंवा ठोके फार कमी दाखवतं, आणि अंग तापलं की आकडा सुधारतो, ही त्याची खूण. घरात हात चोळून, स्वेटरच्या बाहीखाली घड्याळ ठेवून निघालं तर बराच फरक पडतो.

इतकं सगळं तपासूनही आकडा बिघडलेलाच असेल तर सेन्सरच बिघडला आहे का, हे पाहावं. त्यासाठी क्रम ठेवावा, नाहीतर माणूस एकाच वेळी चार गोष्टी बदलतो आणि कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी साफ करा. मग घड्याळ बंद करून सुरू करा आणि सॉफ्टवेअर ताजं आहे का ते बघा. बॅटरी बचतीचा पर्याय चालू असेल तर काही घड्याळं हृदयगती मोजणं कमी करतात किंवा थांबवतात, तेही बघा. नंतर घड्याळ दुसऱ्या मनगटावर बांधा, पाच मिनिटं खुर्चीत बसा, बोटांनी नाडी मोजा आणि आकडा लिहा. मग घरातल्या दुसऱ्या निरोगी माणसाच्या हातावर हेच करा. दोघांच्याही हातांवर तेच घड्याळ स्वस्थ बसलेलं असताना चुकत असेल, तर दोष हातांत नाही.

त्यानंतर अंधाऱ्या खोलीत हृदयगती मोजायला लावून घड्याळाची पाठ बघा. जितके हिरवे दिवे असायला हवेत तितके सगळे लागतात का, एखादा फिका आहे का, काचेखाली दव जमलंय का, काचेला तडा आहे का. विश्रांतीत काही घड्याळं हिरव्याऐवजी अवरक्त प्रकाश वापरतात. तो डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिला तर फिका जांभळा ठिपका दिसतो. म्हणून दिवा दिसत नाही एवढ्यावरून सेन्सर मेला असं समजू नये. पाठीची काच जागेवरून उचललेली दिसली तर मात्र घड्याळ लगेच काढा, चार्जिंगला लावू नका. आतली बॅटरी फुगल्याची ती खूण असू शकते, आणि तिथे प्रश्न आकड्याचा राहत नाही.

अगदी स्वस्त घड्याळांत काही वेळा सेन्सरच नावापुरता असतो. दिवे लुकलुकतात आणि आकडा आतूनच बनवला जातो. हे ओळखायला काही लोक घड्याळ टॉवेलच्या गुंडाळीवर बांधतात आणि आकडा आला की हसतात. तेवढ्यावर निकाल देऊ नये. चांगलं घड्याळही निर्जीव वस्तूवर एखाद्या क्षणी खोटी लय शोधून आकडा दाखवू शकतं. खरी परीक्षा जिन्याची. पाच मिनिटं बसून घड्याळाचा आणि बोटांचा आकडा लिहा. मग दोन मजले चढा आणि वर पोचल्याबरोबर दोन्ही आकडे पुन्हा लिहा. दोन मिनिटांनी पुन्हा एकदा. बोटांचा आकडा 76 वरून 118 आणि पुन्हा 88 वर आला, आणि घड्याळ तिन्ही वेळा 72 ते 78 मध्येच फिरत राहिलं, तर ते मोजत नाही.

बोटांनी नाडी मोजणं ज्यांना येत नाही त्यांनी आज शिकून घ्यावं. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटं हलकेच ठेवा, अंगठा ठेवू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. ठोके एकसारखे पडतात की मध्येच एखादा राहतो, हेही लक्षात घ्या.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण शेवटचं उदाहरण त्यावरच उभं आहे.

लातूरचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. घड्याळ गेले काही दिवस बसल्या जागी 38 ते 42 दाखवत होतं. घड्याळाच्या दुकानदाराने सेन्सर गेला म्हणून सांगितलं होतं. त्यांनी काच साफ केली होती, पट्टा नीट बांधला होता, दुसऱ्या हातावरही बांधून पाहिलं होतं, आणि मुलाच्या हातावर तेच घड्याळ 72 दाखवत होतं. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. 40. म्हणजे घड्याळ खोटं बोलत नव्हतं. मनगटापर्यंत खरोखर 40 ठोकेच पोचत होते.

अशा वेळी दोन शक्यता असतात आणि त्या फार वेगळ्या आहेत. एक म्हणजे हृदयातली विद्युतवाट अडलेली आहे आणि हृदय खरंच 40 वेळाच आकुंचन पावतंय. त्यात काही रुग्णांना पेसमेकर लागतो. दुसरी शक्यता अशी की हृदय जास्त वेळा आकुंचन पावतंय, पण त्यातले निम्मे ठोके इतके लवकर पडतात की हृदयात रक्त भरायला वेळच मिळत नाही. अर्धरिकाम्या हृदयाचा तो ठोका मनगटापर्यंत पोचत नाही. मी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजलं. 80. ईसीजीमध्ये चित्र स्पष्ट होतं. एक नेहमीचा ठोका, त्यानंतर लगेच एक अवेळी ठोका, मग थोडा विराम, पुन्हा नेहमीचा. एकाआड एक. वैद्यकात याला बायजेमिनी म्हणतात. खालच्या कप्प्यातून येणारा अवेळी ठोका निरोगी माणसातही अधूनमधून दिसतो, पण रोज सगळे ठोके अशा तऱ्हेने पडू लागले तर कारण शोधावं लागतं.

बोटावर लावायचा ऑक्सिमीटर इथे उपयोगाचा नव्हता. तोही प्रकाशानेच नाडी मोजतो, त्यामुळे त्यानेही 40 च दाखवलं असतं. दोन प्रकाशयंत्रांचं एकमत झालं म्हणून आकड्यावर शिक्कामोर्तब करू नये, हे अशा वेळी कळतं. घड्याळ आणि बोटं एकमेकांशी जुळत असतील, आकडा नेहमीपेक्षा फार कमी किंवा फार अनियमित असेल, तर पुढचं काम ईसीजीचं. छातीत दुखणं, श्वास लागणं, चक्कर किंवा शुद्ध हरपणं असेल तर घड्याळाशी काहीही जुळवत न बसता रुग्णालयात जायचं, मग आकडा काहीही असो.

शिक्षकांच्या बाबतीत कारण त्यांच्या औषधांच्या पिशवीत सापडलं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी ते बरेच दिवस घेत होते, आणि त्या गोळीने शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं. रक्ततपासणीत पोटॅशियम खरंच खाली होतं. हृदयाचा इको केला, स्नायू ठणठणीत होता. चोवीस तास होल्टर लावून अवेळी ठोके मोजले, ते दिवसभरात पुष्कळ होते. गोळी बदलली, पोटॅशियम भरून काढलं, थायरॉइड तपासला. काही आठवड्यांनी दुसरा होल्टर लावला, त्यात अवेळी ठोके तुरळक राहिले होते. त्याच घड्याळात, त्याच पट्ट्यावर, आता बसल्या जागी 74 ते 78 येऊ लागलं होतं, आणि छातीवर ऐकून मोजलेले ठोकेही तेवढेच भरले.